बारा तासांची उसनवारी

*सर, मी तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात जूनपासून कॉमर्स विभागाची प्रमुख आहे. आमचे एक ज्येष्ठ प्राध्यापक डेंग्यूने आजारी आहेत. 9 सप्टेंबरपासून त्यांचे तास झालेले नाहीत. डॉक्टरांनी 27 तारखेपर्यंत विश्रांती सांगितली आहे, 29 ला ते रुजू होतील. त्यांचे टी.वाय.चे तास मी घेते आहे. प्रश्न एस.वाय.च्या कॉस्ट अकाउंटिंगचा आहे. मंगळवार ते शुक्रवार रोज एक तास, म्हणजे बारा तास बुडणार. मी फलकावर सूचना लावली: 'प्रा. अमुक हे डेंग्यूने आजारी असल्याने पुढील सूचना मिळेपर्यंत त्यांचे तास रद्द करण्यात येत आहेत. बुडालेले तास 28 सप्टेंबर, 5 व 12 ऑक्टोबर या तीन रविवारी सकाळी 8 ते 12 घेण्यात येतील. अनुपस्थित राहणाऱ्यांवर कारवाई करण्यात येईल.' दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग माझ्या केबिनबाहेर उभा. बरीच मुलं एसटीनं येतात. संध्याकाळी सरांच्या घरून फोन आला, त्यांनाही वाईट वाटलंय. माझं नक्की काय चुकलं? आणि आता सूचना मागे घेतली तर प्रमुख म्हणून माझ्या शब्दाला काही किंमत राहील का?*

*— एक विभागप्रमुख*

मॅडम,

तुमचं पत्र शनिवारी, 13 सप्टेंबरला पोचलं. सदर छापून येईपर्यंत तारखा उलटून जातील म्हणून मुख्य गोष्टी तुम्हाला लगेच कळवल्या होत्या. इथे सविस्तर लिहितोय, कारण गणपती उठले की कुठल्या ना कुठल्या विभागात कुणीतरी तापानं पडतंच आणि फलकावर अशीच एक सूचना लागते. मी स्वतः दोनदा लावली आहे. त्यातली एक कशी अंगाशी आली ते पुढे सांगतो.

आधी हिशोब. तुम्ही बारा तास बुडाले असं धरून चालला आहात. पण पत्र लिहिलंत त्या दिवशी खरे बुडालेले तास चारच होते, 9 ते 12 सप्टेंबरचे. 16 ते 19 आणि 23 ते 26 हे आठ तास अजून यायचे आहेत. त्या वेळी वर्ग हजर आहे, खोली मोकळी आहे, फक्त शिकवणारा माणूस नाही. या आठ तासांना 'रद्द' म्हणून तुम्ही वर्गाला मोकळं सोडलंत, आणि त्याच मुलांना नंतर रविवारी बोलावताय. पोरं केबिनबाहेर उभी राहिली ती मला तरी यामुळेच वाटतात. मंगळवारी सकाळी कट्ट्यावर बसून रहायचं आणि रविवारी चार तास बाकावर, हे कुणालाही खटकेल.

या आठ तासांचं काय करायचं? उसने द्यायचे. याच वर्गाला कॉर्पोरेट अकाउंटिंग शिकवणारं कुणीतरी आहे, कंपनी कायदा शिकवणारं कुणीतरी आहे. त्यांना सांगा, 'सरांचा साडेआठचा तास तुम्ही घ्या, तुमचा विषय पुढे न्या. सर आले की तुमचा तेवढाच तास त्यांना परत द्या.' यात कुणाचं काम वाढत नाही, फक्त जागा बदलते. आपल्या शिक्षकमंडळीत 'अ‍ॅडजस्टमेंट' नावाची जी गोष्ट असते ती बहुतेक वेळा वर्ग शांत ठेवण्यापुरती असते. कुणीतरी जातं, हजेरी घेतं, 'काहीतरी वाचत बसा' म्हणतं आणि मोबाइल काढतं. उसनवारीत तो तास खराच शिकवला जातो, म्हणून तो नंतर खराच परत मागता येतो.

आठातले सहा तास असे द्या. कॉर्पोरेट अकाउंटिंगला चार, कंपनी कायद्याला दोन. उरलेल्या दोनांत कॉस्टिंगचाच असा भाग कुणीतरी शिकवावा, जो मागच्या धड्यावर फारसा अवलंबून नाही. तुमच्या अभ्यासक्रमात साहित्य-नियंत्रणाचं प्रकरण असेलच. त्यातलं मालाच्या किमतीचं गणित, म्हणजे आधी आलेला माल आधी काढायचा की भारित सरासरी लावायची, हे कॉमर्सच्या कुठल्याही शिक्षकाला दोन तासांत नीट शिकवता येतं. ते आधीच झालं असेल तर कामगारांच्या बोनसच्या दोन पद्धती घ्या. मात्र हे दोन तास खरे जादा आहेत, कारण ते घेणाऱ्याला परत काही मिळत नाही. म्हणून तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर ते ढकलू नका. त्यांना मंजूर तासांचेच पैसे मिळतात, आणि प्रमुखानं सांगितल्यावर 'नाही' म्हणायची त्यांची सोय नसते. पगारी, कायम माणसानं घ्यावेत. नाहीच कुणी तर तुम्ही घ्या.

आता पूर्ण सत्राचा ताळा बघू. चार श्रेयांकांचा विषय, एका श्रेयांकाला पंधरा तास, म्हणजे साठ तास. सर आजारी पडायच्या आधी सदतीस झाले असतील असं धरतो, तुम्ही हजेरीपटावरून खरा आकडा घाला. सर आल्यावर 30 सप्टेंबर ते 17 ऑक्टोबर या तीन आठवड्यांत त्यांचे नेहमीचे बारा तास असायला हवेत, पण 2 ऑक्टोबरला गुरुवारी गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी आलेत, म्हणून अकरा. सदतीस आणि अकरा अठ्ठेचाळीस. सहकाऱ्यानं घेतलेले दोन, पन्नास. परत आलेले उसने सहा, छप्पन्न. राहिले चार. हेच ते चार, जे तुमचं पत्र यायच्या आधीच रिकामे गेले होते.

या चारांसाठी मात्र सुट्टीच्या वेळेला हात घालावा लागेल, त्याला इलाज नाही. पण बारा तासांचे तीन रविवार आणि चार तासांचे दोन शनिवार यात केवढा फरक आहे बघा. शनिवारी मुलं तशीही कॉलेजात असतात. 4 आणि 11 ऑक्टोबरला नेहमीचे तास सुटल्यावर दोन-दोन तास घ्या, मध्ये वीस मिनिटांची सुट्टी देऊन. रविवार अजिबात नको.

रविवार का नको, ते मी माझ्याच जुन्या फजितीवरून सांगतो. प्रमुख होऊन मला चार महिने झाले होते. एका सहकाऱ्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि मी तडफदारपणे रविवारची सूचना काढली. सकाळी आठला गेलो तर फाटकाला कुलूप. किल्ली रात्रपाळीच्या वॉचमनकडे, आणि वॉचमन भाच्याच्या लग्नाला. चाळीसेक मुलं रस्त्यावर उभी, त्यात पंधरा-सोळा मुली. नऊच्या सुमाराला शिपाई सापडला, त्यानं फाटक उघडलं. मग कळलं की पाण्याचा पंप ऑफिसच्या आत आणि ऑफिसची किल्ली तिसऱ्याच माणसाकडे. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही. दहा वाजता मुली उठून निघून गेल्या, आणि ते बरोबरच होतं. रविवारी कॉलेज उघडायचं म्हणजे प्राचार्यांची लेखी परवानगी, एक शिपाई, एक वॉचमन, पंप, दिवे आणि मुली असतील तर आवारात निदान एक महिला कर्मचारी, एवढं जमवावं लागतं. वसतिगृहातल्या मुलांची मेस बऱ्याच ठिकाणी रविवारी एक वेळ बंद असते, तेही आलंच. शिवाय रविवार हा कष्टाच्या पोरांचा कमाईचा दिवस. कुणी मांडववाल्याकडे असतो, कुणी कापडाच्या दुकानात. ही मुलं तुम्हाला येऊन सांगणार नाहीत, फक्त येणार नाहीत.

एसटीचं म्हणाल तर सूचना लिहायच्या आधी वर्गातल्या चार वेगवेगळ्या रस्त्यांच्या मुलांना विचारा: शनिवारी दुपारी तुमची गाडी किती वाजता, आणि ती चुकली तर पुढची किती वाजता? शाळा-कॉलेजच्या वेळेच्या फेऱ्या सुट्टीच्या दिवशी सुटतीलच असं नसतं, आणि वहीत लिहिलेल्या वेळेपेक्षा रोज जाणाऱ्या मुलाचा शब्द खरा. एकदा मी शनिवारचा जादा तास अकरा ते एक ठेवला. बारा पस्तीसला मागच्या बाकांवरून दप्तरांच्या चेन ओढल्याचा आवाज यायला लागला. मला राग आला. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, 'सर, बारा पन्नासची गाडी गेली की मग साडेचारलाच आहे.' वीस मिनिटं आधी सुरू केलं असतं तर भागलं असतं, पण ते मी विचारलंच नव्हतं.

रविवारी सलग चार तास घ्यायला माझा विरोध आहे तो विषयामुळेही. कॉस्टिंग हा इतिहास नाही की सांगत गेलं की पुढे गेलं. तुमचे सर परत येतील तेव्हा बहुधा ओव्हरहेड्स चालू असतील. त्यात आधी खर्चाचं प्राथमिक वाटप, सगळ्या विभागांवर. मग सेवाविभागांचा खर्च उत्पादन विभागांवर टाकायचं दुय्यम वाटप. आणि दोन सेवाविभाग एकमेकांना सेवा देत असतील तर एकतर समीकरणं मांडायची, नाहीतर रक्कम पुन्हा पुन्हा फिरवत शून्याजवळ आणायची. फळ्यावर असं एक उदाहरण पुरं करायला अर्धा-पाऊण तास जातो. विद्यार्थ्याला ते समजतं मात्र घरी गेल्यावर, त्याचाच आकडा चुकल्यावर. बेरीज जुळत नाही, मग तो शोधतो आणि सापडतं की टाकी भरणाऱ्या विभागाचे दहा टक्के परत बॉयलरवर टाकायचे राहिले. ही चूक घडायला दोन तासांच्या मध्ये एक रात्र लागते. सलग चार तासांत तिसऱ्या तासाला मुलं फक्त उतरवून घेत असतात. वही भरते, परीक्षेत कोरं पान. म्हणून शनिवारचे दोन तास, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे आठवड्यातले परत आलेले उसने तास, असा मेळ चांगला बसतो.

तुमच्या सूचनेत एक चूक तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. 28 सप्टेंबरच्या रविवारी तुम्ही तास लावला आहे, आणि सर रुजू होणार 29 ला. वैद्यकीय रजेवरून परत येताना तंदुरुस्तीचा दाखला द्यावा लागतो, त्याशिवाय हजर करून घेत नाहीत. म्हणजे रजेवर असलेल्या माणसाला तुम्ही रजेतच शिकवायला बोलावलंत, तेही कागदावर. काही झालं असतं तर तो कागद तुमच्याविरुद्ध गेला असता.

आता सरांना वाईट का वाटलं, त्याबद्दल. 'डेंग्यूने' हा एक शब्द. आजाराचं नाव हे त्यांचं घरचं प्रकरण आहे, फलकाचं नाही. 'वैद्यकीय रजेवर आहेत' एवढं पुरतं. तुम्ही सहानुभूतीनं लिहिलंत हे मला कळतं. पण फलकावरच्या सूचनेचा फोटो अर्ध्या तासात दहा ग्रुपवर जातो आणि प्रत्येक ठिकाणी त्याला शेपूट फुटतं. आयसीयूत आहेत, प्लेटलेट दहा हजारावर आल्यात, कॉलेजच्या टाकीत अळ्या सापडल्या. मग पालकांचे फोन. डेंग्यू डासामुळे होतो, शेजारी बसल्यानं होत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असूनही सर परत आल्यावर पहिल्या बाकावरची मुलं मागे सरकतील. टाकीतल्या अळ्यांची काळजी खरी असेल तर ती वेगळी गोष्ट. टाक्या, कुंड्यांखालच्या बशा, गच्चीवरचे टायर हे बघायला प्राचार्यांना सांगा, पण या सूचनेत नको.

दुसरी गोष्ट म्हणजे बारा तासांचा रविवारचा बोजा त्यांच्या नावावर टाकलात, त्यांना न विचारता. वर्गानं त्याचा अर्थ असा लावला की सरांमुळे आमचे रविवार गेले. सूचना फलकावर जायच्या आधी मजकूर त्यांना वाचून दाखवा. फोनवर चालेल. ते लगेच म्हणतील, 'मॅडम, मी सगळे रविवारी घेतो, काळजी करू नका.' आपल्या पिढीचे शिक्षक असेच, आजारी पडल्याचा अपराधीपणा वाटतो त्यांना. ते ऐकू नका. डेंग्यूचा ताप उतरला तरी थकवा बरेच दिवस रेंगाळतो, तासभर उभं राहून फळ्यावर लिहिलं की घाम फुटतो. माझ्या हिशोबानंही रुजू झाल्यावर त्यांचे आठवड्याला एस.वाय.चेच सात ते आठ तास होतात. म्हणून टी.वाय.चे जे तास तुम्ही घेताय त्यातले निदान निम्मे सत्र संपेपर्यंत तुमच्याकडेच ठेवा. आणि वर्गात खुर्ची ठेवायला शिपायाला सांगून ठेवा. ते स्वतः मागणार नाहीत.

हजेरीचा मुद्दा जरा थांबून बघा, कारण वाद खरा इथेच होणार आहे. समजा एका मुलाच्या सत्रभरात नेहमीच्या तासांत बारा गैरहजेऱ्या आहेत. साठात अठ्ठेचाळीस, म्हणजे 80 टक्के. 75 टक्क्यांच्या अटीत तो आरामात बसतो. आता शनिवारचे चार तास त्याच साठात मोजले आणि कामावर जावं लागल्यामुळे तो ते चारही चुकला, तर गैरहजेऱ्या सोळा. साठात चव्वेचाळीस, 73.33 टक्के. मुलगा खाली गेला, आणि तो वेळापत्रकात नसलेल्या तासांमुळे गेला. त्याचे वडील प्राचार्यांसमोर बसून हेच विचारतील, आणि तुमच्याकडे उत्तर नसेल.

यावर मी वापरलेला तोडगा असा: जादा तासाला आला त्याची हजेरी मांडायची, नाही आला तर त्याच्यापुरता तो तास एकूण तासांतच धरायचा नाही. वरच्याच मुलाचं मग छप्पन्नात चव्वेचाळीस होतं, म्हणजे 78.57 टक्के. न येणाऱ्याला शिक्षा नाही, येणाऱ्याला फायदा. हजेरीपटात या चार तासांसाठी शेवटी वेगळे रकाने आखा, वर 'जादा' लिहा आणि तारीख घाला. मात्र हे तुमच्या एकटीच्या सहीनं करू नका. विद्यापीठाच्या हजेरीच्या नियमाशी ते जुळतंय का हे प्राचार्यांकडून बघून घ्या, त्यांची मान्यता टिपणावर घ्या आणि मगच सूचनेत लिहा. उसने दिलेले आणि परत घेतलेले तास मात्र वेळापत्रकातलेच आहेत. ते नेहमीसारखे मोजायचे, फक्त ज्या विषयाचा तास झाला त्या विषयाच्या हजेरीपटात. इथे हमखास घोळ होतो. 16 तारखेच्या साडेआठला कॉर्पोरेट अकाउंटिंग झालं, पण हजेरी सवयीनं कॉस्टिंगच्या पटावर चढली, असं झालं की सत्राच्या शेवटी दोन्ही विषयांचे आकडे चुकतात आणि कुणालाच कारण सापडत नाही.

'कारवाई करण्यात येईल' हे वाक्य काढून टाका. कसली कारवाई? हजेरीचा नियम आहे तो आहे, त्यापलीकडे विभागप्रमुखाच्या हातात काही नसतं आणि एस.वाय.च्या पोरांना हे आपल्याइतकंच ठाऊक असतं. 'पुढील सूचना मिळेपर्यंत' हे त्याहून वाईट. रजा 27 पर्यंत आहे हे तुम्हाला माहीत होतं, मग तारीख का नाही लिहिली? मुलानं त्याचा अर्थ 'आता दिवाळीनंतरच' असा घेतला तर तुम्ही त्याला काय म्हणणार? आणि 'येत्या रविवारी' असं कधीच नको. शुक्रवारी लिहिलेलं 'येत्या' सोमवारी वाचणाऱ्याला आठवडाभर पुढे नेतं. वार, तारीख, वेळ, खोली, चारही लिहा. वार आणि तारीख कॅलेंडर समोर ठेवून जुळवून बघा. एकदा का त्यात चूक झाली की निम्मी मुलं वारानं येतात आणि निम्मी तारखेनं.

मी तुमच्या जागी असतो तर सोमवारी हे लावलं असतं:

सूचना

वर्ग: एस.वाय.बी.कॉम.
विषय: कॉस्ट अकाउंटिंगच्या तासांतील बदल
दिनांक: सोमवार, 15 सप्टेंबर 2025

याआधी रविवारच्या तासांबद्दल लावलेली सूचना रद्द समजावी. रविवारी कोणताही तास होणार नाही.

कॉस्ट अकाउंटिंगचे प्राध्यापक शनिवार, 27 सप्टेंबरपर्यंत वैद्यकीय रजेवर आहेत. तोपर्यंत त्यांच्या सकाळी 8:30 ते 9:30 या वेळेत खोली क्र. 14 मध्ये पुढीलप्रमाणे तास होतील.

मंगळवार 16 ते शुक्रवार 19 सप्टेंबर: कॉर्पोरेट अकाउंटिंग.
मंगळवार 23 व बुधवार 24 सप्टेंबर: कंपनी कायदा.
गुरुवार 25 व शुक्रवार 26 सप्टेंबर: कॉस्ट अकाउंटिंग (साहित्याची किंमत), विभागातील अन्य प्राध्यापक घेतील.

याच्या बदल्यात 29 सप्टेंबर ते 17 ऑक्टोबर या काळात कॉर्पोरेट अकाउंटिंगचे चार आणि कंपनी कायद्याचे दोन तास कॉस्ट अकाउंटिंगसाठी मिळतील. त्यांच्या तारखा सोबतच्या तक्त्यात आहेत.

9 ते 12 सप्टेंबरला न झालेले चार तास शनिवार, 4 ऑक्टोबर आणि शनिवार, 11 ऑक्टोबर रोजी, नेहमीचे तास सुटल्यावर, सकाळी 10:20 ते दुपारी 12:40 खोली क्र. 14 मध्ये होतील. या चार तासांना आलेल्यांची हजेरी धरली जाईल. न आलेल्यांची गैरहजेरी धरली जाणार नाही.

या दोन शनिवारी येणं ज्यांना शक्य नाही त्यांनी शनिवार, 20 सप्टेंबरपर्यंत विभागात नाव द्यावं. सोडवलेल्या उदाहरणांची प्रत त्यांना मिळेल. शनिवारच्या तासांबाबत काही बदल झाल्यास तो शुक्रवार, 26 सप्टेंबरला दुपारी 12 पर्यंत याच फलकावर लागेल.

विभागप्रमुख, वाणिज्य विभाग
प्रत: प्राचार्य, वेळापत्रक समिती, कार्यालय

साडेआठ, खोली चौदा आणि शनिवारची वेळ मी माझ्या मनानं घातली आहे, तुमची घाला. जावक क्रमांक विसरू नका. पुढे काही वाद झाला तर पहिल्यांदा तोच शोधतात.

'सोबतचा तक्ता' हा या सूचनेचा खरा जीव आहे, आणि लोक तोच आळस करून गाळतात. उसना तास देताना सगळे उदार असतात. परत देताना 'अहो, माझी उजळणी राहिलीय' सुरू होतं. म्हणून तास देतानाच परतीची तारीख ठरवून घ्या. चार रकाने पुरतात: कुठला तास दिला, कुणी घेतला, कुठल्या तारखेला परत, सही. सहा ओळींचा कागद. त्याची एक प्रत फलकावर लागली की वर्गच वसुली करतो. 'मॅडम, आज तुमचा तास सरांना द्यायचाय ना?' हे मुलं बरोबर विचारतात.

ग्रुपवर टाकताना नुसता वाकडा फोटो टाकू नका. फोटोखाली मजकूर टाइप करा आणि एकाच व्यक्तीनं टाकायचं असं ठरवा, तुम्ही किंवा वर्गप्रतिनिधी. दोन माणसांनी दोन वेळेला टाकलं की जुनी सूचना नव्याच्या वर येऊन बसते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, शब्दाच्या किमतीचा. सूचना बदलली म्हणून ती जात नाही. जुनी सूचना फलकावर तशीच राहिली आणि तिच्यावर नवी चिकटवली, किंवा जुनी गुपचूप काढून टाकली आणि कुणाला काहीच सांगितलं नाही, तर जाते. माझ्या मजकुराची पहिली ओळ म्हणूनच ती आहे. मंगळवारी साडेआठला पाच मिनिटं तुम्ही स्वतः वर्गात जा. 'रविवारचं मी घाईत ठरवलं होतं, ते मागे घेतलंय, नवं असं आहे' एवढं बोला आणि कॉर्पोरेट अकाउंटिंगच्या सरांच्या हाती वर्ग द्या. कारणमीमांसा नको. केबिनबाहेर उभ्या राहिलेल्यांत कोण होतं तेही काढू नका.

एक शक्यता उरते. सर 29 ला आलेच नाहीत, रजा वाढली तर? शुक्रवारी 26 ला सकाळी घरी फोन करून विचारा, म्हणून सूचनेत त्या दिवशीची दुपार ठेवली आहे. रजा वाढली तर 4 तारखेचा शनिवार तुम्ही घ्या आणि उसन्या तासांची परतफेड आठवडाभर पुढे ढकला. दोन आठवड्यांत सहा तास परत करणं अवघड जातं पण जमतं, तीन-तीन करून. त्याहून जास्त रजा झाली तर मात्र ही उसनवारी पुरणार नाही. मग प्राचार्यांकडे पर्यायी शिक्षकाची लेखी मागणी करायची. ते पत्र 26 लाच लिहून तयार ठेवा, तारीख मोकळी सोडून.